‘डिलिव्हर्ड’ दिसतंय, पण पार्सल कुठंय?

समजा, सावंतवाडीची एक घरगुती विक्रेती आहे. चितार आळीतल्या कारागिरांकडून ती रंगीत लाकडी फळांचे संच घेते आणि मोबाइलवर ऑर्डर घेऊन ते राज्यभर पाठवते. ठाण्याच्या एका बाईंनी 1,850 रुपयांचा संच मागवला, पैसे आधीच भरले. पार्सल खासगी कुरिअरने गेलं. शनिवारी संध्याकाळी 6 वाजून 57 मिनिटांनी ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ झळकलं आणि विक्रेती निर्धास्त झाली. सोमवारी सकाळी मेसेज आला, ‘ताई, पार्सल अजून मिळालं नाही.’

अशा वेळी नव्वद टक्के हात एकाच दिशेने जातात. ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट काढायचा आणि ‘इथे तर डिलिव्हर्ड दाखवतंय’ असं लिहून पाठवून द्यायचा. भांडणाची सुरुवात इथेच होते. खरेदीदाराने तो स्क्रीनशॉट आधीच पाहिलेला असतो, म्हणून तर त्याने मेसेज केलेला असतो. आणि त्याला ऐकू काय येतं? ‘तुम्ही खोटं बोलताय.’

मुळात ‘डिलिव्हर्ड’ हा कुरिअरच्या माणसाने आपल्या मोबाइलवर दाबलेल्या एका बटणाचा परिणाम आहे. पार्सल कुणीतरी कुठेतरी दिलं, एवढंच तो सांगतो. कुणाला दिलं, कुठे दिलं आणि त्याचा पुरावा काय, हे त्या एका शब्दात नसतं. ते कुरिअर कंपनीकडे वेगळं नोंदलेलं असतं आणि मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही. त्यामुळे विक्रेत्याचं पहिलं काम खरेदीदाराशी वाद घालणं नाही, ती नोंद मिळवणं हे आहे.

तरी खरेदीदाराला त्याच दिवशी उत्तर द्यावंच लागतं. ‘मी आजच कुरिअरकडे तक्रार टाकते आणि बुधवारी संध्याकाळपर्यंत तुम्हाला कळवते’ असं दिवस सांगून लिहिलं की समोरचा माणूस थोडा शांत होतो. त्याच मेसेजमध्ये काही साधे प्रश्न विचारून घ्यावेत. पत्ता विंग आणि फ्लॅट नंबरसह पुन्हा लिहून पाठवाल का? शनिवारी संध्याकाळी घरी कोण होतं? कुरिअरवाल्याचा फोन किंवा ओटीपी आला होता का? वॉचमनकडे आणि शेजारी विचारलंत का? यातल्या शेवटच्या प्रश्नानेच बरीच प्रकरणं मिटतात. मोठ्या सोसायट्यांमध्ये पार्सल गेटवर ठेवून घेण्याची पद्धत आता रुळली आहे. वॉचमनची पाळी बदलली, निरोप द्यायचा राहून गेला आणि पार्सल केबिनच्या फळीवर दोन दिवस पडून राहिलं, असं सर्रास घडतं.

ट्रॅकिंगचा शेवटचा शब्द सोडून वरच्या ओळीही वाचाव्यात. सरळ झालेल्या डिलिव्हरीत एक क्रम असतो. पार्सल स्थानिक केंद्रावर पोचतं, सकाळी ‘आउट फॉर डिलिव्हरी’ची नोंद होते आणि काही तासांनी ‘डिलिव्हर्ड’. मधली नोंदच नसेल, किंवा दोन्ही नोंदी एकाच मिनिटातल्या असतील, तर पार्सल केंद्राबाहेर पडलं होतं का, अशी शंका घ्यायला जागा आहे. दिवसाच्या अगदी शेवटची वेळही बोलकी असते. पिशवीत उरलेली पार्सलं त्याच दिवशी ‘दिली’ म्हणून दाखवायची आणि प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी पोचवायची, हा दिवसाचा आकडा पुरा करण्याचा जुना मार्ग आहे. म्हणून नोंद झाल्यापासून एक-दोन दिवस वाट पाहायला खरेदीदाराला सांगणं चुकीचं नाही. फक्त तक्रार टाकून मग वाट पाहावी. कुरिअर कंपन्यांच्या अटींमध्ये तक्रारीची मुदत ठरलेली असते, आणि ती उलटली की बोलायची सोय उरत नाही.

तक्रारीत मागायची ती ‘पीओडी’, म्हणजे पार्सल दिल्याचा पुरावा. त्यात घेणाऱ्याचं नाव, सही, फोटो, ओटीपीची नोंद आणि डिलिव्हरीची नोंद झाली त्या जागेचे अक्षांश-रेखांश, यांपैकी जे असेल ते लेखी मागावं आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. पार्सल टपाल खात्याच्या स्पीड पोस्टने गेलं असेल, तर खात्याच्या संकेतस्थळावर किंवा 1800-266-6868 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. खरेदीदार आपल्या वाटपाच्या पोस्ट ऑफिसात जाऊन पोस्टमनलाही विचारू शकतो. ही वाट बहुतेकदा सर्वांत जवळची ठरते.

ठाण्याच्या पार्सलकडे परत येऊ. मंगळवारी कुरिअरकडून पीओडी आली. घेणाऱ्याच्या नावापुढे ‘सिक्युरिटी’, सहीच्या जागी बोटाने ओढलेली एक रेघ, एक अंधुक फोटो आणि अक्षांश 19.2187. सहीचा उपयोग शून्य. मोबाइलच्या काचेवर बोटाने केलेली सही कुणाचीही असू शकते. पण अक्षांश कामाचा होता. विक्रेतीने खरेदीदाराची इमारत नकाशावर शोधली, तर तिथला अक्षांश 19.2241 निघाला. फरक 0.0054 अंशांचा. अक्षांशाच्या एका अंशात सुमारे 111 किलोमीटर अंतर असतं, म्हणजे दशांशानंतरच्या तिसऱ्या आकड्यात एकाचा फरक पडला की साधारण 111 मीटर. त्या हिशोबाने पार्सल खरेदीदाराच्या दारापासून सुमारे 600 मीटरवर दिलं गेलं होतं. नकाशावर त्या ठिकाणी त्याच बिल्डरची, त्याच नावाची ‘फेज 1’ होती. खरेदीदार राहते ‘फेज 2’ मध्ये. लेबलवर फेजचा उल्लेखच नव्हता. फोटोत दिसणारी निळी केबिन आपल्या गेटवरची नाही, हे बाईंनी बघताक्षणी सांगितलं. त्या संध्याकाळी फेज 1 च्या वॉचमनकडून खोकं ताब्यात आलं.

या आकड्यांना मर्यादाही आहेत. उंच इमारतींच्या गर्दीत मोबाइलचा जीपीएस काही दहा मीटर सहज चुकतो आणि मजला तर तो सांगतच नाही. त्यामुळे 20 मीटरच्या फरकावरून काहीच सिद्ध होत नाही. 600 मीटरचा फरक मात्र जीपीएसच्या माथी मारता येत नाही. उलट बाजूही लक्षात घ्यावी. ठिकाण तंतोतंत जुळलं तरी पार्सल त्या इमारतीतल्या योग्य माणसाच्याच हाती पडलं, असं ठरत नाही. तिथे गेटच्या नोंदी उपयोगी पडतात. सोसायटीत मायगेटसारखं ॲप असेल, तर कुरिअरवाला कोणत्या फ्लॅटसाठी कधी आत गेला किंवा पार्सल गेटवरच ठेवलं का, याची नोंद रहिवाशाच्या मोबाइलवरच सापडते. जुन्या सोसायट्यांत वॉचमनची वही असते.

सगळीच प्रकरणं अशी सुटत नाहीत. पुरावे हाती आल्यावर साधारण तीन चित्रं दिसतात. पार्सल चुकीच्या जागी गेल्याचं स्पष्ट असेल आणि ते परत मिळत नसेल, तर खरेदीदाराला दुसरा माल किंवा पैसे द्यावेत आणि कुरिअरकडून भरपाई मागावी. खरेदीदाराच्या मोबाइलवर गेलेला ओटीपी वापरून डिलिव्हरी झाली असेल, तर तो पुरावा दाखवून सभ्य शब्दांत नकार देता येतो. तिसरं चित्र सर्वांत त्रासाचं. ठिकाण जुळतं, फोटो बंद दाराचा, सही कुणाची ते कळत नाही आणि खरेदीदार ठामपणे नाही म्हणतो. अशा वेळी ‘पार्सल मिळालं नाही’ असं ईमेलवर लेखी घ्यावं. रक्कम मोठी असेल, तर पोलिसांकडे तक्रार अर्ज द्यायला सांगावं. ज्याचं पार्सल खरोखर गेलं आहे, तो सहसा याला तयार होतो. रक्कम लहान असेल आणि गिऱ्हाईक जुनं, तर पैसे परत करून मोकळं होणं स्वस्त पडतं. त्याच पत्त्यावरून किंवा फोन नंबरवरून दुसऱ्यांदा अशी तक्रार आली की मात्र सावध व्हावं.

कारण फसवणारेही असतात. 2017 साली दिल्ली पोलिसांनी 21 वर्षांच्या एका तरुणाला अटक केली. त्याने एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून वेगवेगळ्या सिमकार्डांवर 166 महागडे फोन मागवले आणि दर वेळी खोकं रिकामं निघाल्याचं सांगून सुमारे 50 लाख रुपये परत मिळवले, असा पोलिसांचा आरोप होता. पोलिसांनी सांगितलेली त्याची एक सवय विक्रेत्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तो पत्ता चुकीचा द्यायचा आणि कुरिअरवाल्याचा फोन आला की बाहेरच कुठेतरी गाठून पार्सल घ्यायचा.

कुरिअरकडून मिळणाऱ्या भरपाईवर फार भिस्त ठेवू नये. स्पीड पोस्टचं पार्सल हरवलं, तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा 1,000 रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम मिळते. खासगी कुरिअरच्या पावतीवरही बारीक अक्षरांत मर्यादा छापलेली असते आणि ती न्यायालयात टिकू शकते. भारती निटिंग कंपनीने जर्मनीला पाठवलेली कागदपत्रं पोचली नाहीत, म्हणून ती डीएचएलविरुद्ध ग्राहक न्यायालयात गेली. मागणी चार लाखांवर होती. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने सही केलेल्या पावतीवरची 100 डॉलरची मर्यादाच कायम ठेवली. किमती मालाचा विमा उतरवायचा तो यासाठी.

विक्रेत्याची स्वतःची बाजू कायद्यात दिसते तितकी भक्कम नाही. माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तो प्रथमदर्शनी खरेदीदाराला दिला असं धरावं, असं 1930 च्या वस्तुविक्री कायद्याचं कलम 39 म्हणतं. पण वाहतुकीची वाजवी व्यवस्था करणं ही विक्रेत्याची जबाबदारी आहे, हेही तेच कलम सांगतं. शिवाय खरेदीदार 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जाऊ शकतो. पैसे कार्डाने भरले असतील, तर तो बँकेकडे माल न मिळाल्याची तक्रार करू शकतो. व्हिसा कार्डावर त्यासाठी साधारणपणे 120 दिवसांची मुदत असते. पैसे चुकते करणारी कंपनी विक्रेत्याकडे पुरावे मागते ती मात्र मोजक्या दिवसांत. पीओडी, पत्ता आणि मेसेजची देवाणघेवाण तेव्हा हाताशी लागते, म्हणून ती प्रत्येक ऑर्डरसाठी किमान चार महिने जपून ठेवावी.

सावंतवाडीच्या विक्रेतीने यापुढे पत्ता घेताना फेज, विंग आणि जवळची खूण विचारायला हवी, आणि महागाचा संच ओटीपीशिवाय पाठवू नये. ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टला ही सोय दर नगामागे 5 रुपये अधिक जीएसटी भरून मिळते.