इन्सुलिन, माठ आणि गेलेली वीज

इन्सुलिनच्या खोक्यावर '२ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवा' अशी सूचना छापलेली असते. वर्ध्यात मे महिन्याच्या दुपारी पारा ४४ अंशांपर्यंत चढतो, आणि वादळी पावसात वीज गेली की ती केव्हा येईल याचा भरवसा नसतो. मी इथे बरीच वर्षे औषधांचे दुकान चालवतो. दर उन्हाळ्यात मला हमखास एक प्रश्न विचारला जातो : "भाऊ, रातभर लाइन नव्हती. आता हे फेकून द्यायचं का?" या प्रश्नाचे उत्तर सरसकट 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही. ते कसे शोधायचे, हे या लेखात सांगायचे आहे.

खोक्यातले माहितीपत्रक उलगडून पाहिले, तर त्यात एक नव्हे, दोन तापमाने सापडतात. न उघडलेली कुपी किंवा पेन २ ते ८ अंशांत ठेवले, तर छापलेल्या मुदतीच्या तारखेपर्यंत चालते. वापरायला काढलेली कुपी किंवा पेन मात्र सामान्य खोलीत, बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या आत, सुमारे चार आठवडे चालते. काही इन्सुलिनांना सहा किंवा आठ आठवड्यांची मुभा असते, म्हणून आपल्या माहितीपत्रकातला आकडा पाहून घ्यावा. म्हणजे ८ अंश ही औषध मरण्याची रेषा नव्हे. त्या रेषेच्या वर गेले की औषधाचे उरलेले आयुष्य वर्षांऐवजी आठवड्यांत मोजायचे, एवढाच तिचा अर्थ.

असे का, हे इन्सुलिनच्या घडणीत आहे. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन. ते एका विशिष्ट आकारात दुमडलेले असते आणि त्या आकारावरच त्याचा गुण अवलंबून असतो. उष्णतेने काही रेणूंची घडी हळूहळू उलगडते, उलगडलेले रेणू एकमेकांना चिकटून धागे बनतात आणि कामातून जातात. जोराने हलवल्यास ही क्रिया वाढते. पण उष्णतेचे नुकसान हप्त्याहप्त्याने होते : जितके तास जास्त आणि जितके अंश जास्त, तितकी घट जास्त. गोठण्याचे तसे नाही. पाण्याचे स्फटिक बनू लागले की इन्सुलिनचे कण एका जागी दाबले जाऊन त्यांच्या गुठळ्या होतात, आणि बर्फ वितळला तरी त्या पूर्ववत होत नाहीत. म्हणून एकदा गोठलेले इन्सुलिन, दिसायला ठीक असले तरी, टाकूनच द्यायचे.

उष्णतेच्या हिशेबाला एका अभ्यासाचा चांगला आधार आहे. उत्तर केनियातील दादाब निर्वासित छावणीत मधुमेही माणसांच्या झोपड्यांत फ्रीज नाहीत. तिथे दिवसरात्रीत तापमान साधारण २५ ते ३७ अंशांत खालीवर होते. जिनिव्हा विद्यापीठ आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही संस्था यांनी हाच चढउतार प्रयोगशाळेत चार आठवडे घडवून निरनिराळी इन्सुलिने तपासली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, फ्रीजमधल्या इन्सुलिनच्या तुलनेत क्षमतेची घट एक टक्क्याहून जास्त आढळली नाही. पण हा निष्कर्ष ३७ अंशांपर्यंतचा आणि चार आठवड्यांपुरताच आहे. आमच्या पत्र्याच्या घरांतल्या ४२ अंशांना किंवा बंद मोटारीतल्या त्याहूनही जास्त तापमानाला तो लागू पडत नाही.

आता एक उदाहरण पाहू. आमच्या जिल्ह्यातल्या एका खेड्यात अकरा वर्षांची एक मुलगी आहे. तिला टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे तिच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. एक-दोन दिवस ते मिळाले नाही, तर रक्तात आम्ल साठून जिवावर बेतू शकते. गावात औषधाचे दुकान नाही. मे महिन्यातल्या एका मंगळवारी संध्याकाळी सहाला वादळात खांब पडले आणि गुरुवारी रात्री दहाला वीज आली. एकूण बावन्न तास. शुक्रवारी सकाळी तिची आई चार काडतुसे घेऊन दुकानात आली. एक पेनमध्ये, नऊ दिवस वापरलेले. दोन फ्रीजमध्येच राहिलेली, न उघडलेली. चौथे, तेही न उघडलेले, तिने बुधवारी शेजाऱ्याने आणलेल्या बर्फात ठेवले होते. "म्हटलं, एक तरी वाचवू," ती म्हणाली.

फ्रीजमधल्या दोन काडतुसांपासून सुरुवात केली. दार बंद ठेवले तर वीज गेल्यावर सुमारे चार तास फ्रीज बऱ्यापैकी गार राहतो. त्यानंतर आतले तापमान चढत चढत खोलीइतके होते. पावसाने हवा उतरली होती, तिच्या भिंतीवरच्या तापमापकात दुपारी ३६ आणि रात्री २७ दिसत होते. म्हणजे ही दोन्ही काडतुसे जवळजवळ दादाबच्या हवामानात दोन दिवस राहिली. ती फेकायचे कारण नव्हते. पण खोक्यावरची पुढच्या वर्षीची तारीख आता त्यांना लागू नव्हती. मंगळवारपासून ती 'वापरात काढलेली' धरायची आणि २८ दिवसांत संपवायची.

ती संपतील का? पेनच्या काडतुसात ३ मिलीलिटर, म्हणजे ३०० युनिट असतात. मुलीचा दिवसाचा डोस दोन्ही वेळचा मिळून २२ युनिट, आणि दर वेळी सुई तपासायला २ युनिट सोडायचे, म्हणजे रोज २६. नऊ दिवसांत २३४ गेले, पेनमध्ये ६६ उरले. त्यात दोन काडतुसांचे ६०० मिळवले तर ६६६ युनिट, म्हणजे पंचवीस दिवसांहून थोडे जास्त. २८ च्या आत हिशेब बसला. मी दोन्हींवर चिकटपट्टी लावून मंगळवारची तारीख लिहिली. तिच्या डॉक्टरांना फोन करून कल्पना दिली, आणि मुलीची साखर काही दिवस जास्त वेळा तपासायचे ठरले.

चौथे काडतूस हातात घेतले. मुलीचे इन्सुलिन मिश्र प्रकारचे, ते मुळातच दुधाळ असते. तळहातांत दहा वेळा घोळवून, दहा वेळा खालीवर केले की ते एकसारखे पांढरे व्हायला हवे. याच्यात पांढरे कण तरंगत राहिले आणि काचेला दव धरल्यासारखा थर चिकटला. कारखान्यातून निघालेली बर्फाची लादी शून्याच्या बरीच खाली असते. तिच्या तुकड्यांत दाबून ठेवलेले औषध गोठते. "ताई, हे गेलं," मी म्हणालो. वाचवायला म्हणून जे वेगळे काढले, तेवढेच वाया गेले होते.

म्हणून माझा पहिला नियम असा की वीज गेली की इन्सुलिन बर्फाला टेकवू नये. बर्फाशिवाय इलाज नसेल, तर काडतूस कोरड्या डबीत, डबी जाड टॉवेलात गुंडाळून आणि बर्फापासून अलग ठेवावी. वीज असतानाही हा धोका असतो. एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालची जागा आणि मागची भिंत अधूनमधून शून्याखाली जाते. २०१८ साली बर्लिनमध्ये मांडलेल्या एका अभ्यासात, घरगुती इन्सुलिनसोबत ठेवलेल्या तापमापकांपैकी सुमारे १७ टक्क्यांनी शून्याखालची नोंद दाखवली होती. इन्सुलिन भाजीच्या कप्प्यात किंवा दाराच्या मधल्या फळीवर, खोक्यासकट ठेवलेले बरे.

वीज लांबली आणि खोली ३० च्या वर गेली, तर आमच्या भागात माठ उपयोगी पडतो. वापरातले पेन फ्रीजमध्ये ठेवू नये असे अनेक कंपन्यांच्या पत्रकांत असते; त्या पेनसाठीही उन्हाळाभर हीच जागा योग्य. एक मोठे, बिनरंगाचे मातीचे भांडे घ्यावे, त्यात एक लहान भांडे ठेवावे आणि दोहोंमधल्या फटीत वाळू भरावी. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवावी. इन्सुलिन झाकणाच्या कोरड्या डबीत घालून आतल्या भांड्यात ठेवावे, वर ओले फडके टाकावे. हे सगळे तिवईवर, सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवावे. कपाटात ठेवलेला माठ गार होत नाही, कारण गारवा बाष्पीभवनाचा असतो आणि त्याला हलती हवा लागते.

हा गारवा किती मिळेल ते हवेतल्या ओलाव्यावर ठरते. ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापक जिथवर उतरतो, त्याखाली माठ जाऊ शकत नाही. वर्ध्याच्या ४४ अंशांच्या दुपारी हवेत १५ टक्के आर्द्रता असेल, तर ही मर्यादा २३ अंशांच्या आसपास येते. माठ तिच्या काही अंश वर थांबतो, तरीही तो ३० च्या आत राहतो. रत्नागिरीत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर मर्यादाच २९ होते, आणि माठाचा फारसा उपयोग उरत नाही. तिथे घरातली सर्वांत गार, जमिनीलगतची जागा शोधणे अधिक फायद्याचे. माठात २ ते ८ अंश कधीच मिळत नाहीत, म्हणून महिनोन्‌महिन्यांचा साठा त्यात ठेवू नये. आत किती तापमान आहे हे अंदाजाने ठरवू नये. किमान आणि कमाल दोन्ही आकडे लक्षात ठेवणारा छोटा डिजिटल तापमापक डबीशेजारी ठेवावा.

औषध बिघडले हे कसे ओळखावे? पाण्यासारखे स्वच्छ असायला हवे ते इन्सुलिन गढूळ झाले, त्यात धागे किंवा कण दिसले, रंग बदलला, किंवा दुधाळ प्रकारात गुठळ्या राहिल्या, तर ते वापरू नये. पण डोळे पुरेसे नाहीत. उष्णतेने क्षमता घटलेले इन्सुलिन दिसायला अगदी स्वच्छ असू शकते. खाणे तेच, डोस तोच, ताप किंवा आजार नाही, आणि तरी साखर दोन-तीन वेळा चढीच दिसली, तर संशय इन्सुलिनवर घ्यावा. आपल्या मनाने डोस वाढवू नये. नवी कुपी किंवा पेन काढावे आणि डॉक्टरांना विचारावे. टाइप १ च्या रुग्णाला उलट्या, पोटदुखी किंवा धाप लागली, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

कमी डोस असणाऱ्यांनी आणखी एक गणित करून पाहावे. आपल्याकडच्या १० मिलीलिटरच्या साध्या कुपीत, ४० युनिट प्रति मिलीलिटर या हिशेबाने, ४०० युनिट असतात. दिवसाला १२ युनिट घेणाऱ्याला ती तेहतीस दिवस पुरते. चार आठवड्यांची मुदत असेल, तर शेवटचे पाच दिवस तो मुदत संपलेले औषध टोचून घेत असतो आणि उन्हाळ्यात ती घट अधिक. म्हणून कुपी फोडली त्या दिवशीची तारीख तिच्यावर लिहावी, आणि वीज बराच काळ गेली तर राहिलेल्या साठ्यावर त्या दिवसाचीही.