हाताशी आलेले निर्वाण

अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतील विहारांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाआधी ‘बोधिसत्त्व’ हे विशेषण इतक्या सहजतेने लावले जाते की, त्या शब्दात दडलेली कठोर अट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बोधिसत्त्व म्हणजे केवळ दयाळू पुरुष नव्हे, तर सर्व प्राण्यांच्या हितासाठी बुद्धत्वाचा संकल्प करून त्याच्या दीर्घ तयारीला लागलेली व्यक्ती होय.

ही अट पाली ‘निदानकथे’तील सुमेध तापसाच्या कथेत स्पष्ट होते. सुमेधाचे जन्मगाव तेथे अमरवती असे दिले आहे. नामसाम्य मोहक असले, तरी त्या पुराणकालीन नगरीचा वऱ्हाडातील अमरावतीशी संबंध जोडण्यास आधार नाही. दीपंकर बुद्धांना चिखल तुडवावा लागू नये म्हणून सुमेध वाटेवर आडवा पडतो आणि त्या क्षणी त्याच्या मनात येते की, ठरवले तर आजच सर्व क्लेश जाळून, म्हणजे तृष्णेसारखे मनाचे मळ नाहीसे करून, अर्हत होता येईल. परंतु एकट्याने पार होण्यात काय अर्थ आहे? येथून त्याचा चार असंख्येय आणि एक लक्ष कल्पांचा, म्हणजे मोजदादीपलीकडचा, प्रवास सुरू होतो. असा संकल्प सफल होण्यासाठी परंपरेने आठ अटी सांगितल्या आहेत. त्यांतील पुरुषजन्माची अट आजच्या वाचकाला खटकेल, आणि ती खटकावीच. मात्र त्याच जन्मी अर्हत होण्याची पात्रता असली पाहिजे, ही अट सर्वांत मार्मिक आहे, कारण जे हाताशी आलेलेच नाही ते लांबणीवर टाकण्यात त्याग कसला?

महायान ग्रंथांनी या वाटेवरील धोकाही ओळखला होता. ‘अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता’ या ग्रंथात देवलोकातून झेप घेणाऱ्या, पण पंख न फुटलेल्या प्रचंड पक्ष्याचा दृष्टान्त येतो. शून्यतेचे चिंतन साधले, परंतु इतरांना तारण्याचे कौशल्य, म्हणजे ‘उपाय’, अंगी नसेल, तर साधक त्या पक्ष्यासारखा खाली येतो, आणि हे खाली येणे म्हणजे स्वतःपुरत्या मुक्तीत अडकणे होय.

बाबासाहेबांच्या निधनानंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बोधिसत्त्वाच्या दहा अवस्था दहा जन्मांच्या रूपाने येतात. ‘दूरंगमा’ या सातव्या अवस्थेत तो काळ आणि अवकाश यांच्या पलीकडे जाऊन अनंताशी एकरूप होतो, तरीही करुणेपोटी नामरूप सोडत नाही. आत्म्याचे संक्रमण नाकारणाऱ्या ग्रंथात जन्मांची ही मालिका कशी वाचावी, हा प्रश्न उरतो; तिला पुढे नेणारा कोणी आत्मा येथे नसल्यामुळे, एका जन्माकडून दुसऱ्याकडे जाण्यासारखे संकल्प आणि आचरण एवढेच शिल्लक राहते.