चार तिकिटे, बिघाड एकच

ब्रॉडबँड बंद पडल्यावर ग्राहक कस्टमर केअरला फोन करतो आणि त्याला एक तक्रार क्रमांक मिळतो. कंपनीच्या भाषेत हे ‘तिकीट’. तिकीट उघडले की घड्याळ सुरू होते आणि ते ‘क्लोज’ झाले की थांबते. बिघाड तसाच असताना तिकीट क्लोज झाले, तर ग्राहक पुन्हा फोन करतो, नवा क्रमांक मिळतो आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून धावू लागते. महिनाभर रखडलेला बिघाडही त्यामुळे कंपनीच्या पडद्यावर कालपरवाचा दिसू शकतो. मॅनेजरकडे तक्रार नेताना ग्राहकाने मुख्यतः हेच दाखवून द्यायचे असते: तिकिटे कितीही असली तरी बिघाड एकच आहे आणि तो पहिल्या तिकिटाच्या तारखेपासून चालू आहे.

नाशिकमधल्या एका लहान करसल्लागार कार्यालयाचे उदाहरण घेऊ. फायबरची जोडणी आहे आणि ३ जुलैपासून दिवसातून अनेकदा लाइन तुटते. पहिले तिकीट ३ तारखेचे. दुसऱ्या दिवशी कंपनीने दुरूनच लाइन रीसेट केली आणि ते क्लोज केले. दुसरे ७ तारखेचे. ८ तारखेला टेक्निशियन आला, अ‍ॅडॅप्टर बदलून गेला आणि तिकीट क्लोज झाले. तिसरे १० तारखेला नोंदवले गेले आणि ११ तारखेला ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा मारून बंद झाले. त्या दिवशी कार्यालय उघडे होते आणि कंपनीचा एकही कॉल आलेला नव्हता. चौथे तिकीट १२ तारखेचे. या वेळी आलेल्या टेक्निशियनने मीटर लावून पाहिले, तर येणाऱ्या प्रकाशाची पातळी उणे २९ डीबीएम निघाली. खांबापासूनची वायर बदलावी लागेल, असे सांगून तो गेला. त्यानंतर कोणीही फिरकले नाही.

या सगळ्यात उणे २९ हा आकडा सर्वांत मोलाचा. घरगुती फायबर मोडेम साधारण उणे २७ डीबीएमपर्यंतचा क्षीण प्रकाश नीट ओळखू शकतो. आकडा त्याखाली गेला की लाइन टिकण्याची खात्री राहत नाही. वायर कुठेतरी जास्त वाकली, जोड कच्चा राहिला किंवा कनेक्टरवर धूळ बसली, की प्रकाश असा घटतो. मोडेम बंद-चालू केल्यावर लाइन थोडा वेळ येतेही, पण कारण बाहेर वायरीत असल्याने पुन्हा जाते. हा आकडा पुष्कळ मोडेमच्या सेटिंगच्या पानावर `Rx Power` या नावाने दिसतो. त्याचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा. मोडेमवरचा `LOS` हा दिवा लाल झाला असेल, तर त्याचाही फोटो काढावा. ‘नेट फार हळू चालते’ या वाक्यावर वाद घालता येतो. मोजलेल्या आकड्यावर घालणे अवघड असते.

मॅनेजरकडे जाण्याची योग्य वेळ कोणती? कंपनीने दिलेली मुदत उलटली असेल, किंवा तोच बिघाड क्लोज झाल्यावर परत आला असेल, तेव्हा. त्याआधी पत्र गेले तर ते बहुधा मूळ रांगेतच परत ढकलले जाते. पत्र ईमेलने पाठवावे आणि विषयाच्या ओळीत ग्राहक क्रमांक व चालू तिकिटाचा क्रमांक लिहावा. फोनवर मॅनेजरशी बोलणे झाले असेल तरी त्याच दिवशी त्याचा सारांश ईमेलने कळवावा, कारण तोंडी आश्वासनाची नोंद तिकिटात होईलच असे नाही.

वरच्या प्रकरणात १४ जुलैला पाठवायचे पत्र असे लिहिता येईल:

“आमची लाइन ३ जुलैपासून वारंवार तुटत आहे. या एकाच बिघाडाची चार तिकिटे झाली असून त्यांचे क्रमांक, तारखा आणि बंद करतानाचे शेरे खाली दिले आहेत. १२ जुलैला आपल्या टेक्निशियनने उणे २९ डीबीएम मोजले आणि खांबापासूनची वायर बदलण्यास सांगितले. ते काम झालेले नाही. १६ जुलै, संध्याकाळी ६ पर्यंत हे काम कोणाकडे सोपवले आणि माणूस कधी येणार, हे लेखी कळवावे. वायर १८ जुलैपर्यंत बदलून द्यावी. २० जुलै ही आमच्या ग्राहकांचे जीएसटी विवरणपत्र भरण्याची शेवटची तारीख आहे. १८ तारखेपर्यंत काम न झाल्यास आम्ही कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाऊ. सेवा बंद राहिलेल्या दिवसांचे शुल्क पुढच्या बिलात वजा करावे.”

पत्रात मुदती दोन आहेत, आणि त्या मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. उत्तर देणे मॅनेजरच्या हातात असते; वायर बदलायला माणूस, सामान आणि कधी सोसायटीची परवानगीही लागते. पहिली मुदत चुकली, तर पत्र वाचलेच गेले नाही हे दोन दिवसांतच कळते आणि पुढची पायरी चढायला वेळ उरतो. ‘तातडीने’ किंवा ‘लवकरात लवकर’ या शब्दांनी काहीच ठरत नाही. त्याचप्रमाणे चोवीस तासांत खांबावरची वायर बदला, अशी मागणी केली तर ती न पाळण्याचे कारणही आपणच पुरवतो. मुदतीमागचे खरे कारण एका वाक्यात सांगावे. संताप, टेक्निशियनवरचे आरोप आणि समाजमाध्यमांवर लिहिण्याच्या धमक्या पत्रात नसाव्यात. त्यांच्या गर्दीत तारखा हरवतात. बिचारा टेक्निशियन तर इथे ग्राहकाचा साक्षीदारच आहे.

माणूस येऊन गेल्यावर एक सापळा उरतो. काम झाल्याची खूण म्हणून अनेक कंपन्या ग्राहकाच्या मोबाइलवर ओटीपी पाठवतात आणि तो सांगितला की तिकीट क्लोज होते. प्रकाशाची पातळी पुन्हा मोजून पाहिल्याखेरीज तो देऊ नये. आकडा उणे २० च्या आसपास आला असेल, तर दुरुस्ती खरी. तरीही तिकीट परस्पर बंद झाले, तर नवे न उघडता त्याच ईमेलला उत्तर देऊन जुने पुन्हा उघडण्याची मागणी करावी.

मॅनेजरकडूनही काम झाले नाही, तर पुढचा मार्ग नियमांतच आखून दिलेला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१२ च्या तक्रार निवारण नियमांत दोन पायऱ्या आहेत: आधी तक्रार केंद्र आणि मग कंपनीचेच अपील प्राधिकरण. मधला मॅनेजर ही कंपनीची अंतर्गत सोय आहे; त्याच्या उत्तराची वाट पाहताना अपिलाची मुदत हातची जाऊ देऊ नये. तक्रार सोडवण्याची ठरलेली मुदत संपल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते, त्याला शुल्क नाही आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मागता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे. या प्रत्येक ठिकाणी तेच पत्र आणि तिकिटांची तीच यादी जोडता येते.