फोटोतलं वेल्डिंग मशीन कसं ओळखावं?

समजा, देवळीच्या एखाद्या फॅब्रिकेशन शेडचा फोटो हाती आला आहे. मधोमध ट्रॅक्टर ट्रॉलीची चेसिस, कोपऱ्यात एक पेटी आणि जमिनीवर केबल. पेटीवरची कंपनीची पाटी वाचता येत नसली तरी चालेल. आधी केबलचा माग काढावा.

केबल चिमट्यासारख्या होल्डरपाशी संपत असेल तर काम रॉडचं आहे. जाड नळी आणि टोकाला वाकडी, बटणाची टॉर्च दिसली तर ते मिग, म्हणजे आपल्याकडचं सीओटू मशीन. त्याच्यासोबत तारेचं रीळ आणि सिलिंडर असायला हवा. इथे घाई करू नये. ऑक्सिजन आणि सीओटू, दोन्ही सिलिंडर काळे असतात. शेजारी मरून रंगाचा ॲसिटिलीनचा सिलिंडर असेल तर तो गॅस कटिंगचा संच आहे. सीओटूच्या रेग्युलेटरपाशी बहुधा वायर जोडलेला हीटर असतो, कारण गॅस बाहेर पडताना रेग्युलेटर गोठतो.

आपल्या फोटोत होल्डर आहे. पेटी मोठी, चाकांवरची, वर फिरवायचा हँडल आणि बाजूंना पंखांसारखे पत्रे: हा तेलाने थंड होणारा ट्रान्सफॉर्मर. हँडल फिरवून आतला गाभा सरकतो आणि अँपिअर कमी-जास्त होतात. बाहेर येणारा करंट एसी असल्याने टर्मिनलवर अधिक-उणे नसतं. खांद्यावर टांगता येईल एवढी पेटी, आकडे दाखवणारा डिस्प्ले आणि पुढे + व − खुणा असत्या, तर ते इन्व्हर्टर ठरलं असतं.

रॉड ओळखणं जास्त कठीण. त्याचं नाव, उदाहरणार्थ ई ६०१३, होल्डरमध्ये धरायच्या उघड्या टोकाजवळच्या लेपावर छापलेलं असतं, पण दुरून काढलेल्या फोटोत ते दिसत नाही. जाडी मात्र जोखता येते. लेप मोजायचा नाही, उघड्या टोकाची तार मोजायची, तीही तितक्याच अंतरावर पडलेल्या, माप माहीत असलेल्या वस्तूशी ताडून. २५ मिमीच्या चौकोनी पाइपाशेजारी तार त्याच्या आठव्या हिश्श्याएवढी भरली तर ती ३.१५ मिमी, म्हणजे कारागिरांचा दहा नंबर. दहावा हिस्सा म्हणजे २.५ मिमी, बारा नंबर. तिरक्या फोटोत एवढा फरक सहज हरवतो.

६०१३ आणि ७०१८ यांचा लेप दोन्हीकडे राखाडी असू शकतो, म्हणून रंगावरून निकाल देऊ नये. ७०१८ ला ओल चालत नाही. तो वापरणाऱ्या शेडमध्ये रॉड तापवायचा ओव्हन हवा. आपल्या फोटोत ओव्हन नाही, मशीन साधा ट्रान्सफॉर्मर आहे आणि काम ट्रॉलीचं आहे; त्यामुळे ६०१३ ची शक्यता मोठी, पण खात्री नाही.

खात्री हवी असेल तर शेडवाल्याकडून आणखी दोन फोटो मागवा: मशीनच्या मागच्या पाटीचा आणि रॉडच्या पाकिटाचा.