ई-ऑफिसचे परिपत्रक

ई-ऑफिस ही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने सरकारी फायलींसाठी तयार केलेली संगणक प्रणाली आहे. कार्यालयात ती सुरू होण्याआधी निघणाऱ्या परिपत्रकात पहिल्याच ओळीत दोन गोष्टी याव्यात: नव्या फायली कोणत्या तारखेपासून फक्त प्रणालीत उघडायच्या आणि चालू कागदी फायलींचे काय करायचे.

फायदा ज्याच्या-त्याच्या कामातला सांगावा. ‘कामकाज गतिमान होईल’ यातून लिपिकाला काहीच कळत नाही. ‘फाईल कोणाकडे, किती दिवस थांबली आहे हे पडद्यावर दिसेल’ हे लगेच कळते.

प्रशिक्षण सुरुवातीच्या आदल्या आठवड्यात ठेवावे. महिनाभर आधी शिकलेले विसरले जाते. निम्मे कर्मचारी मंगळवारी, निम्मे गुरुवारी बोलावले, तर आवक-जावक टेबल रिकामे राहत नाही. प्रत्येकाचे लॉगिन त्याआधी चालू असावे.

मदतीसाठी एकाच व्यक्तीचे नाव, अंतर्गत दूरध्वनी क्रमांक, वेळ आणि रजेच्या दिवशीचा पर्यायी माणूस द्यावा.

ठरल्या तारखेनंतरही टिपणी आधी कागदावर लिहून मग स्कॅन होत असेल, तर प्रशिक्षण कमी पडले किंवा जुनी पद्धत बंद झाल्याचे स्पष्ट सांगितले गेले नाही, असे समजावे.