किलोमीटर न मोजता मोजलेला प्रकाश

सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर यायला आठ मिनिटं लागतात, हे शाळकरी मुलालाही पाठ असतं. हिशेबही सोपा दिसतो. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर, प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. भागाकार केला की ५०० सेकंद. गणित बिनचूक आहे, पण प्रत्यक्षात शोध या क्रमाने लागला नाही. प्रकाशाला किती वेळ लागतो याचा अंदाज माणसाला आधी आला, आणि त्या वेळी सूर्याचं अंतर खात्रीने कुणालाच माहीत नव्हतं.

प्रवासाला किती वेळ लागला हे सांगायचं तर पोचण्याची वेळ पुरत नाही, सुटण्याचीही कळावी लागते. सूर्य तर अखंड पेटलेला. त्याचा आत्ता आलेला किरण नेमका कधी निघाला, हे किरणावर लिहिलेलं नसतं. तेव्हा आकाशात अशी एखादी गोष्ट हवी होती, जी ठरल्या वेळी घडते आणि लांबून दिसते. ती गुरूपाशी सापडली.

गुरूचा आयो हा उपग्रह साधारण साडेबेचाळीस तासांत एक फेरी पूर्ण करतो आणि प्रत्येक फेरीत गुरूच्या सावलीत शिरतो. त्याचं हे लपणं आणि पुन्हा उजळणं इतकं नियमित की सतराव्या शतकात त्याची वेळापत्रकं तयार झाली. उद्देश व्यवहारी होता: दोन शहरांतून एकच ग्रहण पाहिलं, तर स्थानिक वेळांतल्या फरकावरून रेखांशातलं अंतर काढता येतं. पॅरिसच्या वेधशाळेत जोव्हानी कासिनीच्या हाताखाली हेच काम चाले, आणि तिथे डेन्मार्कहून आलेला ओले रोमर नावाचा तरुण नोंदी तपासत होता.

नोंदींमध्ये एक खोड होती. पृथ्वी गुरूपासून दूर जात असण्याच्या महिन्यांत ग्रहणं वेळापत्रकाच्या मागे पडत; पृथ्वी गुरूकडे येऊ लागली की ती पुढे सरकत. एका फेरीतला फरक फार तर पंधराएक सेकंदांचा, म्हणजे त्या काळच्या लंबकाच्या घड्याळावर आणि धूसर दुर्बिणीत सहज निसटून जाणारा. पण चाळीस फेऱ्यांनंतर तोच फरक साचून काही मिनिटांचा होतो. रोमरने १६७६ च्या उन्हाळ्याअखेर जाहीर केलं, की येत्या ९ नोव्हेंबरला आयो सावलीतून दहा मिनिटं उशिरा बाहेर पडताना दिसेल. तसंच झालं. आयो काही रेंगाळला नव्हता; मधल्या काळात पृथ्वी लांब गेली होती आणि बातमीला जास्त वाट तुडवावी लागली होती.

पृथ्वीच्या कक्षेचा पूर्ण व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटं लागतात, असा रोमरचा निष्कर्ष होता. त्याचा निम्मा, ११ मिनिटं, हा सूर्यापासून आपल्यापर्यंतचा वेळ. खरा आकडा आठ मिनिटं एकोणीस सेकंदांचा आहे, म्हणजे रोमर जवळजवळ एक तृतीयांशाने चुकला. ग्रहणाचा क्षण ठरवणं अवघड होतं, कारण उपग्रह झटकन विझत नाही, मंदावत जातो. शिवाय आयोच्या गतीत शेजारच्या उपग्रहांच्या ओढीमुळे होणारे बारीक फेरफार तेव्हा माहीत नव्हते. पण या साऱ्या हिशेबात एकही किलोमीटर नव्हता, आणि त्यामुळेच अंतराविषयीच्या अज्ञानाने काही अडलं नाही. खुद्द कासिनीला मात्र हे पटलं नाही. पुढे १७२८ मध्ये इंग्लंडच्या जेम्स ब्रॅडलीने ताऱ्यांच्या जागा वर्षभरात किंचित हेलकावतात यावरून, वेगळ्याच वाटेने, तो वेळ आठ मिनिटं बारा-तेरा सेकंदांपर्यंत आणला.

आजच्या अचूकतेचा पाया १९६१ मध्ये पडला. त्या वर्षी अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघातल्या संशोधकांनी शुक्रावर रडारच्या लहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपला. सूर्यावरच लहरी का नाही मारल्या? कारण त्याला कठीण पृष्ठभाग नाही. तापलेल्या वायूकडून येणारा प्रतिसाद नेमका कुठून आला हे ठरवणं कठीण. शुक्र मात्र घनगोल आहे. त्यातून रेडिओलहरी पोकळीत प्रकाशाच्याच वेगाने जातात, म्हणून प्रतिध्वनीचा वेळ हाच प्रकाशाचा जाऊन-येऊन वेळ.

उरलेलं काम केप्लरच्या नियमाचं. ग्रहांच्या प्रदक्षिणेच्या काळावरून त्यांच्या अंतरांची गुणोत्तरं कळतात: पृथ्वी-सूर्य अंतर १ धरलं तर शुक्र सूर्यापासून ०.७२ वर. शुक्र आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येतो तेव्हा तो आपल्यापासून सुमारे ०.२८ वर असतो. प्रतिध्वनी यायला समजा २८० सेकंद लागले. एका बाजूचे १४०. आता १४० ला ०.२८ ने भागलं की ५०० सेकंद, सूर्यप्रकाशाचा वेळ. हे ढोबळ आकडे झाले. काटेकोर मोजणीत उत्तर ४९९ सेकंदांवर स्थिरावतं. इथेही मोजला गेला तो वेळच, आणि कोटी किलोमीटर त्यावरून काढले गेले.

हे ४९९ सेकंद सरासरीचे आहेत. पृथ्वीची कक्षा किंचित लांबट असल्याने जानेवारीच्या सुरुवातीला प्रकाश आठ मिनिटं अकरा सेकंदांत येतो आणि जुलैच्या सुरुवातीला आठ मिनिटं सत्तावीस सेकंदांत. तेव्हा भर थंडीत सूर्य आपल्याला जवळ असतो, हे ओघाने आलंच. आणखी एक गफलत वारंवार वाचायला मिळते: सूर्याच्या गाभ्यात तयार झालेल्या ऊर्जेला पृष्ठभागापर्यंत झिरपायला हजारो-लाखो वर्षं लागतात, मग प्रकाश आठ मिनिटांचा कसा? ती ऊर्जा वाटेत असंख्य वेळा शोषली जाते आणि पुन्हा बाहेर पडते. आठ मिनिटांचा हिशेब पृष्ठभाग सोडल्यानंतरच्या मोकळ्या वाटेचा आहे.

ताऱ्यांकडे ना वेळापत्रक पाळणारा आयो आहे, ना तिथून हयातीत प्रतिध्वनी येण्याची सोय. तिथे उपयोगी पडते पृथ्वीची कक्षाच. सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते आणि जवळचा तारा मागच्या दूरच्या ताऱ्यांच्या पडद्यावर किंचित सरकलेला दिसतो. या सरकण्याच्या निम्म्या कोनाला पराशय म्हणतात. तो मोजला जातो विकलांमध्ये. एका अंशाच्या ३६०० विकला.

कोनिग्सबर्गच्या फ्रीडरिख बेसेलने यासाठी हंस तारकासमूहातला '६१ सिग्नी' हा मंद तारा निवडला. तेजस्वी तारा जवळचा असणार, ही समजूत त्याने बाजूला ठेवली. हा तारा आकाशात दरवर्षी पाच विकलांहून अधिक सरकतो, ताऱ्याच्या मानाने भलताच वेगाने, म्हणून तो जवळ असावा असा त्याचा तर्क होता. वर्षभराहून अधिक काळ त्याने शेजारच्या दोन क्षीण ताऱ्यांपासून त्याचं अंतर मोजलं आणि १८३८ मध्ये पराशय जाहीर केला: ०.३१४ विकला. दहा रुपयांचं नाणं अठरा किलोमीटरवर धरलं तर ते एवढ्या कोनात दिसेल.

आता सूर्याचे ४९९ सेकंद पुन्हा कामाला येतात. भूमितीप्रमाणे पराशय एक विकला असेल तर तारा पृथ्वी-सूर्य अंतराच्या २,०६,२६५ पट दूर असतो. त्याला ४९९ ने गुणलं की दहा कोटी एकोणतीस लाख सेकंद, म्हणजे ३.२६ वर्षं. मग कुठल्याही ताऱ्यासाठी ३.२६ ला पराशयाने भागायचं आणि थेट वर्षं मिळवायची. बेसेलच्या कोनावरून '६१ सिग्नी'चा प्रकाश १०.४ वर्षांचा ठरतो. आजचा पराशय ०.२८६ आहे, त्यावरून ११.४ वर्षं. पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी, डोळा दुर्बिणीला लावून केलेल्या मोजणीत चूक दहा टक्क्यांच्या आसपास होती.

हिवाळ्यात रात्री झळकणाऱ्या व्याधाचा पराशय ०.३७९ विकला, म्हणून त्याचा प्रकाश ८.६ वर्षं जुना. अभिजित ताऱ्याचा ०.१३०, तिथून २५ वर्षं. अशा जवळच्या ताऱ्यांचा आकडा आज भरवशाचा आहे. खरी परीक्षा पुढे, कोन आक्रसत जातात तिथे होते. भागाकारात खालचा आकडा लहान झाला की त्यातली जराशी चूक उत्तरात फुगून येते. म्हणून ताऱ्याचं अंतर वाचताना पराशयाशेजारी लिहिलेली 'अधिक-उणे' ही चूकही पाहावी. ती पराशयाच्या शेकडा एक-दोन असेल तर उत्तर पक्कं. शेकडा वीस झाली की सरळ भागाकारावर विसंबू नये.

मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी तारा याचा नमुना आहे. हिपार्कोस उपग्रहाच्या १९९७ च्या यादीत त्याचा पराशय ०.००७६३ विकला, चूक ०.००१६४. भागाकाराने ४२७ वर्षं येतात. पण चूक एका बाजूला धरली तर ३५० वर्षं, दुसऱ्या बाजूला धरली तर जवळजवळ ५४५. त्याच नोंदींचं २००७ मध्ये नव्याने गणित झालं, तेव्हा आकडा ५०० च्या जवळ गेला. रेडिओ दुर्बिणींची मापं जोडल्यावर तो आधी ६४० आणि मग ७२० च्या आसपास पोचला. पुढे २०२० मध्ये ताऱ्याच्या स्पंदनांवरून बांधलेल्या एका प्रतिमानाने त्याला पुन्हा ५५० वर आणलं.

दोष उपकरणांचा कमी, ताऱ्याचा जास्त. काक्षी इतका अवाढव्य आहे की त्याची तबकडीच आकाशात साधारण ०.०४ विकलांची दिसते, म्हणजे पराशयाच्या कित्येक पट. त्यातही तिच्यावर उकळत्या वायूचे प्रचंड डाग वरखाली होत असतात, आणि एखादी बाजू जास्त उजळली की प्रकाशाचा मध्य तिकडे सरकतो. पृथ्वीच्या फिरण्याने झालेली हालचाल कुठली आणि डागांमुळे झालेली कुठली, हे वेगळं काढणं मुश्कील. कोट्यवधी ताऱ्यांचे पराशय नेमके मोजणारा गाया उपग्रहही इथे कामाचा ठरला नाही. एवढा तेजस्वी तारा त्याच्या संवेदकांना झेपत नव्हता.

२०१९ च्या अखेरीस काक्षी अचानक मंदावला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये नुसत्या डोळ्यांनाही फिका दिसू लागला. ताऱ्याने फेकलेल्या वायूतून धूळ तयार होऊन ती आड आली, असं त्याचं स्पष्टीकरण पुढे मिळालं. ही घटना तिथे प्रत्यक्ष कधी घडली? ७२० वर्षं धरली तर इसवी सन १३०० च्या सुमारास, ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर चारएक वर्षांनी; ५५० धरली तर बहमनी राजवटीत. या घोळामुळे खगोलशास्त्रज्ञ अशा घटनेवर तिथली तारीख घालतच नाहीत. त्यांच्या वह्यांमध्ये प्रकाश पृथ्वीवर पोचल्याची तारीख लिहिलेली असते, आणि त्यातही पृथ्वी कक्षेत त्या दिवशी कुठे होती याची दुरुस्ती केलेली असते. ती दुरुस्ती जास्तीत जास्त, अर्थात, आठ मिनिटं आणि काही सेकंदांची.