बिबटे मोजतात तरी कसे? शेततळ्यातल्या माशांवरून समजून घ्या

कसारा : गावात बिबट्या दिसला की दोन दिवसांत आकडा फिरायला लागतो. एका पाड्यावर दिसला, मग दुसऱ्यावर, मग घाटाखाली, आणि मोबाईलवर मेसेज येतो, "आपल्या भागात पाच बिबटे आलेत." पण तो एकच बिबट्या पाच ठिकाणी दिसला असेल तर? रात्रीत कित्येक किलोमीटर फिरणारं हे जनावर. म्हणून किती वेळा दिसला यावरून किती आहेत ते सांगता येत नाही. त्यासाठी वेगळा हिशेब आहे. तो आधी माशांवर करून बघू.

समजा तुमच्या शेततळ्यात रोहू आहेत आणि पाणी न उपसता ते किती आहेत हे कळायला हवं. जाळं टाकून ५० मासे धरा. प्रत्येकाच्या शेपटीचा एक कोपरा कात्रीने किंचित कापा, म्हणजे खूण झाली. मासे परत सोडा. दोन-तीन दिवस जाऊ द्या, ते बाकीच्यांत मिसळू द्या. मग पुन्हा जाळं टाका. या वेळी ६० मासे आले, त्यातले १० खुणेचे निघाले.

म्हणजे सहा माशांमागे एक खुणेचा. जाळ्यात जे प्रमाण, तेच सगळ्या तळ्यात असणार. खुणेचे एकूण ५०, म्हणून तळ्यात ५० गुणिले ६, म्हणजे सुमारे ३०० मासे. सगळा हिशेब एवढाच.

'सुमारे' हा शब्द मात्र सोडायचा नाही. दुसऱ्या जाळ्यात नशिबाने खुणेचे ८ आले असते तर उत्तर ३७५ निघालं असतं, १२ आले असते तर २५०. दोन-चार माशांनी एवढा फरक पडतो. खुणेचे मासे जितके जास्त परत सापडतील तितका आकडा भरवशाचा.

हिशेब चुकतो तो दोन-तीन कारणांनी. खूण करताना काही मासे मेले, तर दुसऱ्या जाळ्यात खुणेचे कमी येतात आणि तळ्यात आहेत त्यापेक्षा जास्त मासे वाटतात. सोडलेल्या कोपऱ्यातच लगेच जाळं टाकलं, तर खुणेचेच जास्त येतात आणि आकडा खूप कमी निघतो. मधल्या दिवसांत पावसाने तळं भरून वाहिलं, मासे गेले-आले, तर हिशेबच मोडतो.

आता बिबट्या. त्याला धरून खूण करायची गरज नाही, खूण तो अंगावर घेऊनच जन्मतो. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे असतात. म्हणून जंगलवाटेवर, ओहोळाच्या काठाला आपोआप फोटो काढणारे कॅमेरे झाडाला बांधतात, तेही वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर. कारण डाव्या कुशीचे ठिपके उजव्या कुशीसारखे नसतात. एकाच बाजूचा फोटो असेल तर एक बिबट्या दोन म्हणून मोजला जाऊ शकतो. पहिला फोटो म्हणजे पहिलं जाळं, तोच बिबट्या पुन्हा आला की खुणेचा मासा सापडला.

हे काम आपल्या शेजारीच झालंय. शहापूरला लागून सह्याद्रीपलीकडे अकोले तालुका आहे. तिथे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी जंगलात नव्हे, तर ऊस आणि वस्तीच्या भागात कॅमेरे लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला ४.८ मोठे बिबटे निघाले, आणि त्यात १.२ इकडे-तिकडे होऊ शकतं असंही लिहिलं. त्याच भागात दर चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसं राहत होती.

तो आकडा जसाच्या तसा शहापूर-मुरबाडला लावता येणार नाही. तिथे बागायत आणि ऊस, इथे भातशेती आणि जंगल. शिवाय बिबट्याच्या रानाला तळ्यासारखा बांध नसतो. कडेच्या कॅमेऱ्यात आलेला बिबट्या अर्धा वेळ बाहेर राहत असेल, म्हणून अभ्यासक कॅमेऱ्यांच्या बाहेरचा पट्टाही क्षेत्रात धरतात. तो धरला नाही तर बिबटे आहेत त्यापेक्षा दाट वाटतात. पिल्लं या हिशेबात सहसा येत नाहीत.

तानसा अभयारण्यात बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाण बांधून प्राणी मोजतात, ती पद्धत वेगळी. एकच बिबट्या दोन पाणवठ्यांवर दिसू शकतो, आणि जो त्या रात्री पाण्यावर आलाच नाही तो मोजलाच जात नाही. त्यातून कोणते प्राणी आहेत हे कळतं, एकूण किती ते नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी कोणी आकडा सांगितला की तीन गोष्टी विचारा : वेगवेगळे बिबटे ठिपक्यांवरून किती ओळखले, त्यातले किती पुन्हा दिसले, आणि किती क्षेत्रात किती दिवस बघितलं. पिंजरे किती लावायचे, कुठे लावायचे यावर गावसभेत बोलणं होतं तेव्हा याची उत्तरं हातात असलेली बरी. नाहीतर एकाच बिबट्यासाठी पाच पाडे संध्याकाळपासून दारं लावून बसतात.